नऊ ते अकरा

दीपक शिवगण हल्ली कुणाच्याही घरी इंटरनेटच्या कामाला गेला की आधी भिंतीवरचं घड्याळ बघतो. मग स्वतःच्या मोबाइलवरची वेळ बघतो, आणि घरातल्या माणसाला विचारतो, "किती वाजले हो?" पालीच्या बाजारात यावरून त्याची बरीच टिंगल चालते. "दीपक, लग्नाचा मुहूर्त चुकला काय रे तुझा?" असं कुणी विचारलं की तो हसतो आणि शिडी उचलून पुढच्या खांबाकडं जातो. हसतो तेही तोंडदेखलंच. ही सवय त्याला मागच्या जानेवारीत लागली, आणि ती का लागली ते पालीत चारपाच माणसांनाच ठाऊक आहे.

मुळात हा माणूस पक्का. दहा वर्षं मुंबईत केबल ओढण्यात गेली, मग आईच्या आजारपणाचं निमित्त होऊन गावी आला तो इथलाच झाला. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर पालीच्या नाक्याजवळ त्याचं दुकान आहे, दुकानात एक संगणक, एक प्रिंटर आणि वायरींची वेटोळी. आसपासच्या दोनशे घरांना तो इंटरनेटची लाईन देतो. लाईन तर आणखीही दोघे देतात, पण दीपकची गोष्ट वेगळी. त्याच्याकडं कागद मिळायचा.

त्या कागदाचं त्याला भारी कौतुक. गिऱ्हाइकाच्या घरचा राउटर दिवसरात्र लाईनचा हिशेब ठेवतो आणि त्याचे ग्राफ काढतो. येणारा डेटा हिरव्या डोंगरात, जाणारा निळ्या रेषेत. कालचा ग्राफ पाचपाच मिनिटांच्या सरासरीचा, आठवड्याचा अर्ध्या तासाच्या आणि महिन्याचा दोन दोन तासांच्या. बहुतेक लाईनवाल्यांना असं काही राउटरमध्ये असतं हेही माहीत नसतं. दीपकने मात्र घरातल्या एकेका वस्तूला पक्का नंबर देऊन तिचा वेगळा ग्राफ चालू केलेला. टीव्हीचा वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा, प्रत्येक फोनचा वेगळा. दर रविवारी सकाळी तो दुकानातून एकेक राउटर उघडायचा, आठवड्याचे ग्राफ जपून ठेवायचा, आणि महिना संपला की वर महिन्याचा मोठा ग्राफ, खाली चार आठवड्यांचे चार, असा कागद छापून घरपोच द्यायचा. महिन्याच्या ग्राफात कोण किती खातं ते कळतं, पण तास कळत नाहीत, कारण तिथं एक दिवस म्हणजे बोटाच्या नखाएवढा. तासांसाठी आठवड्याचा ग्राफ लागतो. त्यात मध्यरात्रीच्या उभ्या रेघा असतात. दोन रेघांमध्ये प्लास्टिकची पट्टी ठेवून दीपक दिवसाचे चोवीस भाग पाडायचा आणि सांगायचा, "काकी, संध्याकाळी सात ते नऊ तुमचा टीव्ही निम्मी लाईन खातो. पोराचा अभ्यास त्या वेळात नको." लोक तोंडात बोट घालायचे. कुणी म्हणायचं, हा तर घरात न येता घर बघतो. दीपकला ते ऐकून बरं वाटायचं. त्यात काही भिण्यासारखं आहे असं तेव्हा त्याला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिथंच त्याचं चुकलं.

आप्पा गराट्यांच्या घरी लाईन होती ती त्यांच्या मुलानं, निलेशनं घेतलेली. निलेश मुंबईला नोकरीला. आप्पा आयुष्यभर एस.टी.त कंट्रोलर, गाड्यांच्या वेळा लिहिण्यात हयात गेलेली. बायको वारली, आणि दोन वर्षांमागं अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू आणि वाचा गेली. डोकं शाबूत, पण तोंडातून 'हं' आणि 'ना' यापलीकडं धड काही निघत नव्हतं. त्यांना बघायला मालन यायची. पालीपासून दोन कोसांवरच्या वाडीतली, पंचेचाळिशीची विधवा बाई. सकाळी आठला यायची, संध्याकाळी सहाला जायची. नऊला चहा-गोळ्या, मग हातापायांचा व्यायाम, दहाला अंघोळ, बाराला जेवण, अडीचला आप्पा झोपत ते साडेचारपर्यंत. मालन गेली की शेजारचे भागोजी येऊन टीव्हीवर कीर्तन लावून बसत, आणि रात्रीही तिथंच झोपत.

निलेशनं आप्पांच्या खाटेसमोर कॅमेरा लावलेला. मुंबईत बसून तो फोनवर बापाला बघायचा. त्यात वाईट काही नाही, बाप आहे, जीव तुटतोच. पण कॅमेरा अधूनमधून अडकायचा. चित्र थिजून राहायचं, पांघरूण ओढणारा आप्पांचा हात हवेत तसाच. "दीपक, कुणीतरी लाईन खातंय," निलेश फोनवर म्हणायचा. कुठल्या वेळी अडकतो असं विचारलं तर म्हणायचा, "वेळ कोण बघत बसतो? अडकतो एवढं खरं."

ऑक्टोबरात परतीच्या पावसात पालीवर विजा अशा कोसळल्या की दोन दिवसांत दीपकचे अकरा राउटर जळाले. त्यानं दोन दिवस शिडीवरून पाय खाली ठेवला नाही. दहा घरी त्याच जातीचे नवे राउटर बसवले आणि जपून ठेवलेल्या सेटिंगची फाइल त्यांत चढवली, पाच मिनिटांत काम. आप्पांच्या घरी मात्र त्या जातीचा राउटर उरला नव्हता. वेगळा मिळाला, जुनी फाइल त्याला चालेना. मग दीपकने सगळं हातानं टाकलं. वस्तूंचे नंबर टाकले, नावं टाकली, ग्राफ चालू केले, घड्याळ इंटरनेटवरून वेळ घेईल असं केलं. बाहेर पाऊस धो धो, आणि तीन घरचे फोन वाजत होते. मालनने दिलेला चहा उभ्याउभ्या पिऊन तो निघाला.

नोव्हेंबरच्या चोवीस तारखेला, सकाळी सव्वादहाला, आप्पा न्हाणीघरात पडले.

खुबा मोडला. मालनची हाक ऐकून भागोजी धावले, गाडी केली, मालनला घरी ठेवून आप्पांना रत्नागिरीला नेलं. ऑपरेशन झालं. निलेश रातोरात आला आणि दहा दिवस दवाखान्यात बसून राहिला. माणूस तसा वाईट नाही. पण बापाच्या उशाशी दहा दिवस बसलेल्या माणसाला कुणीतरी दोषी लागतं, आणि निलेशला मुंबईहून बाप कधी धड बघता आला नव्हता. मालनचं म्हणणं एकच होतं. आप्पांना स्टुलावर बसवून ती पाठ पुसायचा टॉवेल घ्यायला दाराशी वळली, तेवढ्यात साबणावरून पाय सरकला. वळली आणि परत फिरली, एवढाच वेळ.

डिसेंबरच्या तीन तारखेला निलेश दीपकच्या दुकानात आला. बसला नाही. म्हणाला, "नोव्हेंबरचे ग्राफ काढ. मालनच्या फोनचे. सगळे."

दीपकने काढले. महिन्याच्या ग्राफात कॅमेरा सगळ्यात वर होता, जाणाऱ्या लाईनचा मोठा घास तोच घेत होता, रात्रंदिवस सारखा. येणाऱ्या लाईनीत टीव्ही पुढं. मालनचा फोन तिसरा, पण त्याची निळी रेघ रोज एकदा सुळक्यासारखी वर चढत होती. इथं दीपकचे डोळे लकाकले. निळी रेघ म्हणजे जाणारा डेटा. नुसतं काही बघणाऱ्याचा हिरवा डोंगर वाढतो. निळी आणि हिरवी दोन्ही बरोबरीनं चढतात ती व्हिडिओ कॉलला. आणि गराट्यांची वर जाणारी लाईन मुळात बारीक, कॅमेरा आणि व्हिडिओ कॉल दोन्ही तीत मावत नाहीत. कॅमेरा अडकायचं कोडं सुटलं होतं.

"रोज दोन तास व्हिडिओ कॉल," दीपक म्हणाला.

"किती वाजता?"

दीपकने आठवड्यांचे ग्राफ समोर ओढले, पट्टी ठेवली. चोवीस तारखेचा दिवस मोजला. मग तेवीस, बावीस, एकवीस. पट्टी पुन्हा ठेवून पाहिली. दर दिवशी तोच सुळका, त्याच जागी.

"नऊ ते अकरा," तो म्हणाला. "सकाळी."

निलेशने तो कागद घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. त्याच्या हाताची घाई दीपकने बघितली. पण चुकल्यासारखं वाटण्यासारखं त्यात काय होतं? ग्राफ समोर होता. उलट जाताना निलेशने विचारलं, "आणि टीव्ही?" तेव्हा दीपकने तेही मोजून सांगितलं, "दुपारी दीड ते साडेतीन." आप्पा अडीचला झोपतात हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणजे म्हातारा झोपेला आलेला असताना ही बाई टीव्ही लावून बसते, असा त्याचा अर्थ दोघांनी मिळून काढला. भागोजींची संध्याकाळची कीर्तनं त्या कागदावर कुठंच नव्हती, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. जे शोधायला बसलो ते सापडलं की माणूस पुढं शोधत नाही.

दुसऱ्या दिवशी निलेशने दीपकला घरी बोलावून घेतलं. आप्पांना दवाखान्यातून आणलं होतं. ते खाटेवर, मालन खांबाशी उभी, भागोजी दारात. निलेशने कागद पसरला आणि म्हणाला, "दीपक, सांग हिला."

दीपकने सांगितलं. नऊ ते अकरा, रोज, चोवीस तारखेलासुद्धा.

मालन कागदाकडं बघत राहिली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. हिरवे डोंगर, निळे सुळके, आणि एका सुळक्याला दीपकने पेनानं केलेला गोल.

"मी अक्षयाला फोन लावतंय," ती म्हणाली. "पन दुपारचा ओ. आप्पा निजल्यावर. पोरगी कोल्हापुरात नर्सिंगला हाय, एकटी खोलीवर. ती पुस्तक घेऊन बसते नि मी हय भाजी निवडतंय. आमी बोलत पन नाय. नुसता फोन समोर ठेवतो. तिला बरा वाटता. त्या दिवशी पन आप्पांना नेल्यावर दुपारीच लावला."

"दुपारचा फोन यात दिसत नाही," निलेश म्हणाला. "सकाळचा दिसतो."

"नाय ओ दादा. सकाळी माजे हात पान्यात असतात."

आणि मग तिनं कमरेचा फोन काढला आणि तो पुढं धरला. निलेशसमोर नाही, दीपकसमोर. "दीपकभाऊ, तुमाला यातला कळता. यात लिवलेला असता ना कदी लावला ते? तुमी बगा."

असतं लिहिलेलं. प्रत्येक कॉल, त्याची वेळ, किती मिनिटं. बोटाच्या एका धक्क्यावर होतं सगळं. दीपकचा हात उठलासुद्धा.

"त्यातलं हवं ते पुसता येतं," निलेश म्हणाला. "ग्राफ पुसता येत नाही. हो ना रे दीपक?"

"नाही येत," दीपक म्हणाला. ते खरंच होतं. त्याचा हात खाली आला. बाईमाणसाचा फोन चारचौघांत कशाला उघडायचा, असं त्याने मनाशी म्हटलं. आपण सभ्यपणाच करतोय असं त्याला त्या क्षणी वाटलं. मालनचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला. खाटेवर आप्पा डाव्या हातानं चादर ओढत होते आणि "ना, ना, ना" करत होते. निलेश त्यांच्या अंगावरून हात फिरवत म्हणाला, "आप्पा, शांत व्हा. आता ती येणार नाही." त्यावर आप्पांनी निलेशच्या हाताला नख मारलं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

चार दिवसांत पालीला कळलं. मालनने म्हाताऱ्याला न्हाणीत बसवलं आणि स्वतः फोनवर बसली. कागदावर निघालं म्हणे, दीपकने काढून दिलं. कागदावर निघालं म्हटल्यावर विषय संपला. मालन आणखी दोन घरांत विचारायला गेली होती. दोन्हीकडं तिला ओटीवरूनच परत पाठवलं, आणि एका घरच्या सुनेनं तर दार लावताना तिच्या हातातल्या फोनकडं बोट दाखवलं. दीपकला हे नम्रतानं, त्याच्या बायकोनं सांगितलं. सांगून ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो म्हणाला, "मी काय करू? मी फक्त वाचलं." त्या रात्री त्याला भात गेला नाही.

जानेवारीच्या पाच तारखेला तो दुकानात डिसेंबरचे कागद छापत होता. सकाळचे अकरा वाजून गेले होते. प्रिंटरमधून पालीच्या सरकारी दवाखान्याचा कागद निघाला, त्याच्या पाठोपाठ गराट्यांचा. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी पडले. दवाखान्याच्या ग्राफात दर सोमवारी एक खाच होती. डिसेंबरभर सोमवारी विजेच्या तारांच्या दुरुस्तीला दहा ते चार लाईट जात होती, साऱ्या पालीला ते पाठ होतं. राउटर बंद, म्हणून ग्राफ जमिनीला टेकलेला. गराट्यांच्या ग्राफातही सोमवारी तशीच खाच होती, सहा तासांचीच. तोच खांब, तीच लाईट.

फक्त ती जरा डावीकडं होती.

दीपकने पट्टी घेतली. दवाखान्याची खाच दहा ते चार. गराट्यांची पहाटे साडेचार ते सकाळी साडेदहा. त्याने पट्टी पुसली, हे उगाच, आणि पुन्हा ठेवली. पुढच्या सोमवारवर ठेवली. त्याच्या पुढच्या. साडेचार ते साडेदहा. एकाच खांबावरची लाईट एका घरची पहाटे जाते आणि शेजारची दहाला, असं होत नसतं.

त्याने गराट्यांचा राउटर उघडला आणि आजवर कधी न बघितलेल्या कोपऱ्यात जाऊन त्याचं घड्याळ पाहिलं. राउटरमध्ये पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दुकानातल्या घड्याळात अकरा वाजून दहा.

साडेपाच तास. घड्याळ इंटरनेटवरून वेळ अगदी बिनचूक घेत होतं, पण आपण भारतात आहोत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते बिचारं इंग्लंडच्या हिवाळी वेळेवर चाललेलं. बाकीच्या दहा राउटरांना फाइलमधून ते कळलं होतं. या एकाला हातानं सांगायचं होतं, आणि दीपक पावसात चहा पीत उभा होता. त्याने सकाळच्या नवात साडेपाच मिळवले. अडीच. अकरात मिळवले. साडेचार. टीव्हीच्या दीडात मिळवले, संध्याकाळचे सात. भागोजींची कीर्तनं तिथं होती. सगळं जागच्या जागी होतं, आधीपासून, आणि मालनचा शब्द न् शब्द खरा होता. दीपक खुर्चीत बसला. त्याला भीती वाटली, अगदी पोरासारखी.

त्याने तिथूनच निलेशला फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे ती तेव्हा फोनवर नव्हती," निलेश म्हणाला.

"नव्हती, निलेशदादा. माझी चूक आहे."

"बरं. हे बघ, आता दुसरा माणूस ठेवलाय. आप्पा तसेही खाटेवरून उठत नाहीत. आता परत तो विषय नको. आमचंही नाव गेलंय गावात, मी तिला काय काय बोललो ते. आणि तुझा विचार कर. एक कागद चुकीचा म्हटल्यावर लोक दोनशे कागदांवर शंका घेतील."

फोन ठेवल्यावर दीपकने राउटरला योग्य जागा सांगितली. घड्याळ एका क्षणात साडेपाच तास पुढं गेलं. एवढंच काम होतं ते.

संध्याकाळी नम्रताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत्ता जा. गाडी काढ."

"उद्या जातो."

उद्या शाळेची लाईन तुटली. परवा मालाची गाडी आली. मग रविवार, ग्राफ जपायचा दिवस, पण त्या रविवारी त्यानं संगणकच लावला नाही. रोज सकाळी तो ठरवायचा आणि रोज संध्याकाळी काहीतरी आडवं यायचं. खरं म्हणजे आडवं काहीच येत नव्हतं, तो आणत होता. दवाखाना, शाळा, दोन दुकानं, सगळी त्याच्या कागदावर त्याला मानत होती. मालनच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, तेही त्याला जुळत नव्हतं. असे आठ दिवस गेले. आठव्या दिवशी नम्रतानं त्याच्यासमोर ताट आपटलं आणि म्हणाली, "तुम्ही नाय गेलात तर मी जातंय."

नवव्या दिवशी सकाळी तो गेला. शर्टाच्या खिशात दोन्ही कागद, गराट्यांचा आणि दवाखान्याचा. वाडीत मालनच्या घराला कडी होती. शेजारची चिमाकाकी अंगणात कुळीथ पाखडत होती. ती म्हणाली, "देवळात गेले सगळे. पावणाय देवीच्या. गाऱ्हाना हाय ना आज."

"कुणाचं?"

"मालनचाच. तिनंच गावकरांना सांगितलान. नारळ ठेवतंय बोलली."

देऊळ वाडीच्या वरच्या अंगाला. दीपक पोचला तेव्हा पन्नासेक माणसं जमली होती. आत पाषाणापुढं नारळ, विडे, फुलं. गावाच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं घालणारे गंगाराम गावकर हात जोडून उभे, आणि त्यांच्या मागं मालन, डोक्यावर पदर, मान खाली. एवढी बारीक झालेली की दीपकने तिला आधी पदरावरून ओळखलं. तो मागं कठड्याशी उभा राहिला. मध्ये कसं बोलायचं? गाऱ्हाणं सुरू झालं की मध्ये कुणी बोलत नाही, लहानपणापासून हेच शिकलेलं.

गंगारामांचा आवाज देवळात घुमला. "बा देवी पावणाय! आज तुजी लेक मालन तुज्या पायाशी नारळ घेऊन उभी हाय!"

"व्हय म्हाराजा!" माणसं म्हणाली.

"तिच्या हातून एका आजारी म्हाताऱ्याच्या सेवेत कसूर झाली. फोनावर ध्यान गेला, नि म्हातारा पडला. ती तिनं आज तुज्यासमोर नि गावासमोर कबूल केलीन हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तिची चूक पदरात घे! तिच्या लेकीला, घरादाराला तिचा दोष लावू नको! लेकीची परीक्षा नीट पार पाड!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं. खोबऱ्याचे तुकडे फिरू लागले. दीपक गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचला. दहा शब्द त्याने जुळवून आणले होते, त्यांतला एकही निघाला नाही. "वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही फोन दुपारीच लावायचात. राउटरचं घड्याळ चुकलं होतं. मी लावलेलं. साडेपाच तास मागं होतं." त्याने खिशातले कागद काढले, तिच्यासमोर धरले, सोमवारच्या खाचांवर बोट ठेवलं, काहीबाही सांगत सुटला. खांब, लाईट, इंग्लंडची वेळ. ती त्याच्या बोटाकडं बघत होती.

"मंजे मी तवा फोनावर नव्हतंय?" तिनं हळूच विचारलं.

"नव्हता. तुम्ही बरोबर सांगत होतात."

"आदी मना पन तसाच वाटायचा," मालन म्हणाली. "मग रोज रोज इचार केला. म्हटला, मशीन कशाला खोटा बोलंल? मशीनला माजा काय वैर हाय? मीच इसरलं असंन. असंल घेतला फोन, असंल वळून बगितला. मग मना तसा दिसायलाच लागला ओ, डोळ्यासमोर. मी फोनावर हाय नि आप्पा पडतायत. अक्षयाचा फोन आला तरी उचलवत नाय. पंदरा दिस झाले, उचलला नाय." गंगाराम हातात नारळाची वाटी घेऊन जवळ येऊन उभे राहिले होते. "मंजे मी पाडला नाय त्यांना?"

"नाही, वहिनी."

"नक्की?"

"नक्की."

मालनने पदर नीट केला. देवीकडं एकदा पाहिलं, मग गंगारामांकडं, मग दीपकच्या तोंडाकडं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिला खरंच कळत नव्हतं म्हणून ती विचारत होती.

"मग मगाशी मागून तुमचा आवाज आयकला मी," ती म्हणाली, "सगळ्यांबरोबर तुमी पन 'व्हय म्हाराजा' कशाला बोल्लात?"